चालू आरोग्य विम्यात बाळाचं किंवा नव्या सदस्याचं नाव घालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य विम्याचा सल्लागार म्हणून काम करताना जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. मुख्य भर आहे तो घरच्या फॅमिली फ्लोटर पॉलिसीवर, म्हणजे आपण स्वतः विकत घेतलेल्या आणि सगळ्या कुटुंबासाठी एकच विमा रक्कम असलेल्या पॉलिसीवर. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीचे नियम वेगळे असतात, ते प्रश्न १५ मध्ये आहेत. कंपनीगणिक मुदती बदलतात, त्यामुळे इथलं उत्तर आणि तुमच्या पॉलिसीच्या अटी यांत फरक दिसला तर अटी खऱ्या मानायच्या.

१. बाळ झालं की ते आपोआप आमच्या फ्लोटरमध्ये येतं ना?

नाही. फ्लोटर "कुटुंबाचा" असला तरी कंपनीच्या लेखी कुटुंब म्हणजे शेड्युलवर, म्हणजे पॉलिसीच्या तपशीलपत्रकावर, ज्यांची नावं छापली आहेत तेवढेच लोक. गोंधळ होतो तो प्रसूती कव्हरमुळे. पॉलिसीत प्रसूती कव्हर असेल आणि त्याचा वेटिंग पिरियड, म्हणजे क्लेम मिळण्याआधी थांबायचा काळ, संपलेला असेल, तर बऱ्याच योजनांत नवजात बाळाचा उपचारही जन्मापासून ९० दिवसांपर्यंत, आईच्या आधाराने, ठरलेल्या मर्यादेत मिळतो. पण ही ९० दिवसांची सोय झाली. ती संपली की बाळ पॉलिसीबाहेर. पुढे त्याला सदस्य म्हणून वेगळं घ्यावं लागतं, आणि ते आपण मागितल्याशिवाय कोणी करत नाही. पॉलिसीत प्रसूती कव्हरच नसेल, तर पहिले ९० दिवसही साधारणपणे कोरडेच जातात.

२. एंडोर्समेंट म्हणजे काय? नवीन पॉलिसी मिळते का?

चालू पॉलिसीत केलेला अधिकृत बदल म्हणजे एंडोर्समेंट. जुने एजंट "पॉलिसीला पुरवणी जोडली" असं म्हणायचे, तो शब्द मला अजूनही जास्त आवडतो. पॉलिसी क्रमांक तोच राहतो, संपण्याची तारीखही तीच. फक्त पुरवणीला स्वतःचा क्रमांक मिळतो आणि तिच्यासोबत सुधारित शेड्युल येतं. पत्ता किंवा स्पेलिंग बदलण्याच्या पुरवणीला पैसे पडत नाहीत. सदस्य वाढवायच्या पुरवणीला जादा प्रीमियम लागतो.

३. वर्षाच्या मध्ये कोणाकोणाला घेता येतं? आईबाबांना घेता येईल का?

बहुतेक कंपन्या मध्येच दोघांनाच घेतात: नवजात बाळ आणि नुकतंच लग्न झालेला जोडीदार. दत्तक मुलाचं प्रश्न १८ मध्ये पाहा. आईबाबा, सासूसासरे किंवा आधीपासून घरात असलेलं पण तेव्हा नाव घालायचं राहून गेलेलं मूल यांना नूतनीकरणापर्यंत थांबावं लागतं. कारण सरळ आहे. आजारपण समोर दिसल्यावर माणूस आत आणायचा आणि क्लेम घ्यायचा, हे कंपनीला टाळायचं असतं. जन्म आणि लग्न यांना तारीख असते, कागद असतो, म्हणून त्यांना सूट. आईबाबांसाठी मी तर म्हणेन की नूतनीकरणातही त्यांना आपल्या फ्लोटरमध्ये घेऊ नका. फ्लोटरचा प्रीमियम सहसा सर्वांत मोठ्या वयावरून ठरतो, त्यामुळे त्यांची वेगळी पॉलिसी घेतलेली बरी.

४. ९० दिवस कसे मोजायचे? अर्ज कधी द्यायचा?

समजा, पॉलिसी १ डिसेंबर ते ३० नोव्हेंबर अशी आहे आणि बाळ २० फेब्रुवारीला जन्मलं. फेब्रुवारीचे उरलेले ८ दिवस, मार्चचे ३१, एप्रिलचे ३० आणि मेचे २१ मिळून ९० होतात, म्हणजे २१ मे रोजी बाळ ९० दिवसांचं झालं. काही योजनांत "तीन महिने" असा शब्द असतो, तिथे तारीख २० मे येते. अटींत नेमका कोणता शब्द आहे तो पाहून घ्या.

अर्ज मात्र २१ मेची वाट पाहून देऊ नका. दहा-पंधरा दिवस आधी कागद पाठवा आणि मेलमध्ये स्पष्ट लिहा की सदस्यत्व २१ मेपासून हवं आहे. उलट्या बाजूलाही मुदत असते. जन्मानंतर किंवा बाळ पात्र झाल्यानंतर अमुक दिवसांत कळवा, अशी अट अनेक ठिकाणी असते. ती चुकली तर मग नूतनीकरणापर्यंत काहीही होत नाही. काही मोजक्या योजना पहिल्या दिवसापासून बाळाला सदस्य करून घेतात. तिथे तर प्रसूतीच्या गडबडीतच हे काम करावं लागतं.

५. बाळाचं नाव अजून ठरलेलं नाही. अर्ज अडेल का?

हा आपल्याकडचा खास प्रश्न. बारसं बाराव्या दिवशी झालं तर ठीक, पण आजकाल मामाची सुट्टी, हॉलचं बुकिंग आणि आत्याची तारीख जुळेपर्यंत दोन-अडीच महिने जातात. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी, पण ती नावाशिवाय होऊ शकते, आणि १२ महिन्यांच्या आत नाव नंतर विनाशुल्क घालता येतं. त्यामुळे जन्मदाखला असतो, पण नावाचा रकाना कोरा.

विमा कंपन्या अशा वेळी "बेबी ऑफ" आणि पुढे आईचं नाव अशी नोंद घेतात. चालेल, पण ही नोंद तात्पुरती समजा. नाव दाखल्यावर चढलं की लगेच नावदुरुस्तीची बिनपैशांची पुरवणी मागा. दोन वर्षांच्या मुलाला ताप आला, आधारवर त्याचं खरं नाव आहे आणि शेड्युलवर अजून "बेबी ऑफ" आहे, अशी प्रकरणं मी पाहिली आहेत. क्लेम बहुधा नाकारला जात नाही, पण कॅशलेस मंजुरीला अर्धा दिवस जातो, आणि तो अर्धा दिवस तुम्ही डिपॉझिट भरून काढता.

६. कागद कोणते लागतात?

बाळासाठी जन्मदाखला, हॉस्पिटलचं डिस्चार्ज कार्ड आणि कंपनीचा बदल-अर्ज. अर्जावर सही प्रपोजरची, म्हणजे पॉलिसी ज्याच्या नावावर घेतली त्याची. बाळाची आई प्रपोजर नसेल, तर तिच्या मेल आयडीवरून गेलेला अर्ज परत येतो, तेव्हा मेल नोंदणीकृत आयडीवरूनच पाठवा. जोडीदारासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्र, ओळखपत्र आणि आरोग्य जाहीरनामा लागतो. वय जास्त असेल किंवा आजार लिहिला असेल तर कंपनी वैद्यकीय तपासणी मागू शकते.

७. जादा प्रीमियम किती? पूर्ण वर्षाचा घेतात का?

सहसा उरलेल्या दिवसांपुरताच. वरचंच उदाहरण पुढे नेऊ. समजा, दोन मोठ्यांचा वार्षिक प्रीमियम २१,४०० रुपये आहे आणि त्याच विमा रकमेसाठी दोन मोठे व एक मूल यांचा २५,०५० रुपये. फरक ३,६५० रुपयांचा, म्हणजे दिवसाला १० रुपये. २१ मे ते ३० नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून, १९४ दिवस होतात. म्हणजे १,९४० रुपये.

वैयक्तिक आणि फ्लोटर आरोग्य पॉलिसींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे, त्यामुळे वर काही चढायला नको. पॉलिसी दोन किंवा तीन वर्षांची एकरकमी घेतली असेल, तर हिशोब या वर्षअखेरीपर्यंतचा नसून पॉलिसी संपेपर्यंतचा होतो. रक्कम अचानक मोठी दिसली तर आधी हे तपासा.

आणि एक गोष्ट. प्रीमियम वाढला म्हणून विमा रक्कम वाढत नाही. दहा लाख दोघांत होते, ते आता तिघांत.

८. मेल केला, पैसेही भरले. बाळ नेमकं कधीपासून विम्यात?

पुरवणीवर "लागू होण्याची तारीख" म्हणून जे छापलं आहे, त्या तारखेपासून. मेल केल्याची, एजंटने "झालं समजा" म्हटल्याची किंवा फोनवर सर्व्हिस रिक्वेस्टचा नंबर मिळाल्याची तारीख उपयोगाची नाही. विमा कायदा, १९३८ चं कलम ६४ व्हीबी सांगतं की प्रीमियम हातात आल्याशिवाय विमा कंपनीने जोखीम घ्यायची नाही. त्यामुळे पैसे भरण्याआधीचा काळ मागाहून झाकला जाईल, अशी आशा धरू नका.

उदाहरणातले बाबा जरा आळशी आहेत असं धरू. २४ मेला मेल केला. २८ला उत्तर आलं की जन्मदाखल्याचा फोटो अस्पष्ट आहे, पुन्हा पाठवा. १ जूनला पेमेंटची लिंक आली, ती स्पॅममध्ये जाऊन पडली, पैसे गेले ३ जूनला. कंपनीने तारीख दिली ३ जून. आता ३० मेला बाळाला जुलाब होऊन दोन दिवस सलाइनवर ठेवावं लागलं असेल, तर ते बिल खिशातून. कंपनीचं काहीच चुकलेलं नाही.

यातून तपासणीची एक सोपी युक्तीही मिळते. ३ जून ते ३० नोव्हेंबर १८१ दिवस होतात, म्हणजे प्रीमियम १,८१० हवा. पावती १,९४० ची असेल तर दोनपैकी एक चूक आहे: एक तर तारीख २१ मे हवी होती, नाहीतर १३ दिवसांचे १३० रुपये परत यायला हवेत. रुपये किरकोळ आहेत. पण तारीख आणि रक्कम जुळत नसेल, तर आत कोणीतरी काहीतरी हाताने टाइप केलं आहे हे ओळखा आणि बाकीचे रकाने दुप्पट लक्षाने वाचा.

९. बाळालाही वेटिंग पिरियड असतो का?

असू शकतो. तो मोजला जातो बाळाच्या स्वतःच्या समावेशाच्या तारखेपासून. तुमची पॉलिसी सात वर्षं जुनी आहे, याचा बाळाला फायदा नाही. सुरुवातीचे ३० दिवस अपघात सोडून इतर आजार झाकले न जाणं, ठरावीक आजारांचा जास्तीत जास्त ३६ महिन्यांपर्यंतचा थांबा, आणि आधीपासूनच्या आजारांसाठीही जास्तीत जास्त ३६ महिने, हे तिन्ही नव्या सदस्याला नव्याने लागतात. जन्मापासून अखंड कव्हरमध्ये असलेल्या बाळाला काही कंपन्या ३० दिवसांचा थांबा लावत नाहीत. म्हणूनच प्रसूती कव्हरचे ९० दिवस आणि सदस्यत्वाची तारीख यांच्यामध्ये फट पडू न देण्याला महत्त्व आहे.

जन्मजात दोषांबद्दलही विचारणा होते. बाहेरून दिसणारा दोष बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो. आतला, उदाहरणार्थ हृदयाला असलेलं छिद्र, अनेक योजनांत मिळतो, पण कधी थांब्यानंतर.

१०. बाळाला जन्मल्यावर कावीळ झाली होती, दोन दिवस दिव्याखाली ठेवलं होतं. हे लिहायचं का?

लिहा. कमी दिवसांचं बाळ, एनआयसीयूत राहणं, हृदयाची सोनोग्राफी सांगितली असणं, सगळं लिहा आणि डिस्चार्ज कार्ड जोडा. नवजात काविळीमुळे कोणी बाळाला नाकारल्याचं मी पाहिलेलं नाही. लपवलेलं मात्र पहिल्या मोठ्या क्लेमला बालरोगतज्ज्ञाच्या फाइलमधून बाहेर येतं. सदस्याचे ६० महिने अखंड पूर्ण होईपर्यंत कंपनी माहिती दडवल्याचं कारण पुढे करू शकते. नंतर फसवणूक सिद्ध केल्याशिवाय नाही.

११. सुधारित शेड्युल आलं. त्यात नेमकं काय बघायचं?

आधी माझीच गोष्ट. धाकट्या मुलीच्या वेळी पुरवणी आली, मी पीडीएफ उघडलं, तिचं नाव दिसलं, बंद केलं. इतरांची शेड्युलं वाचून पोट भरणारा माणूस मी! दहा महिन्यांनी तिला न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलच्या विमा डेस्कवरच्या ताईंनी कार्ड स्क्रीनवर उघडलं आणि विचारलं, "मुलगा आहे का?" लिंगाच्या रकान्यात पुरुष होतं. जन्मतारीख ७ एप्रिलऐवजी ४ जुलै झाली होती, दिवस आणि महिना उलटे. त्या तारखेने ती समावेशाच्या दिवशी ९० दिवसांची होतच नव्हती, म्हणजे कागदावर ती अपात्र. जन्मदाखला मेलवर पाठवला, दुरुस्ती झाली, पण कॅशलेस रात्री साडेनऊला मिळालं.

तेव्हापासून मी शेड्युल उभं नाही, आडवं वाचतो. बाळाची एक ओळ घ्यायची, तिच्याखाली पट्टी धरायची आणि जन्मदाखला शेजारी ठेवून एकेक रकाना जुळवायचा. नाव, लिंग, नातं, जन्मतारीख. आपल्याकडे दाखल्यावर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं असा क्रम असतो. कंपनीच्या फॉर्मला "पहिलं नाव" हवं असतं, आणि कितीतरी मुलांचं पहिलं नाव आडनावच होऊन बसतं. जन्मतारीख १२ किंवा त्याआधीच्या दिवसाची असेल तर उलटापालट सहज होते. १३ पासून पुढे संगणकच अडवतो.

मग समावेशाची तारीख. इथे दोन प्रकारच्या चुका होतात. एक, बाळाच्या ओळीत तुमचीच जुनी तारीख छापली जाते, जणू ते सात वर्षांपासून विम्यात आहे. गंमत वाटेल, पण ही चूक तुमच्या फायद्याची नाही. क्लेमच्या वेळी ती जन्मतारखेशी भांडते आणि फाइल अडकते. दुसरी चूक जास्त महाग पडते: पुरवणी करताना सगळ्या सदस्यांची "प्रथम समावेश" तारीख आजची होते, आणि तुमचे पूर्ण झालेले वेटिंग पिरियड कागदावर पुन्हा सुरू होतात. म्हणून बाळाची ओळ वाचून झाली की स्वतःची आणि जोडीदाराची ओळ जुन्या शेड्युलशी जुळवा. संचित बोनस आणि सहभाग टक्का, म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा, हे आकडेही तिथेच पाहून घ्या.

शेवटी "आधीपासूनचे आजार" हा रकाना. तुम्ही अर्जात काही लिहिलं होतं आणि इथे "काही नाही" आलं असेल, तर गप्प बसू नका. आपण सांगितलं होतं हे मेलने कळवून नोंदवून ठेवा.

१२. चूक सापडली. आता काय?

त्याच दिवशी नोंदणीकृत मेलवरून लिहा. फोन करून भागत नाही. विषयात पॉलिसी क्रमांक आणि पुरवणी क्रमांक द्या. मजकुरात "छापलेलं हे, हवं ते" अशा दोनच ओळी आणि सोबत जन्मदाखला. दुरुस्ती झाली की नव्या पुरवणीचा क्रमांक येतो. तो आला नसेल तर "अपडेट केलं आहे" या उत्तराला अर्थ नाही.

कंपनी दाद देत नसेल तर तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग विमा नियामक आयआरडीएआयच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ वर तक्रार करता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल आहे. तिथे फी लागत नाही, वकील लागत नाही, पण कंपनीच्या नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. स्पेलिंगसाठी लोकपालाकडे गेलेला कोणी मला माहीत नाही. तारखेसाठी जावं लागू शकतं.

१३. शेड्युलवर नाव आहे, पण हॉस्पिटल म्हणतं की सिस्टिममध्ये दिसत नाही.

कंपनीने पुरवणी काढली की ती माहिती टीपीएकडे, म्हणजे कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेकडे, जाते, मग ई-कार्ड तयार होतं. या दोन टप्प्यांत काही दिवसांचं अंतर पडतं. शेड्युल आल्यावर आठवड्याने कंपनीच्या किंवा टीपीएच्या ॲपवर जाऊन बाळाचं वेगळं ई-कार्ड उतरवून ठेवा. मधल्या काळात प्रसंग आलाच, तर सुधारित शेड्युलची पीडीएफ डेस्कवर द्या आणि टीपीएला फोन लावायला सांगा. कव्हर शेड्युलने ठरतं, कार्डने नाही.

१४. लग्न झालं. बायकोचं नाव घालायचं आहे, पण तिची स्वतःची जुनी पॉलिसी आहे. ती बंद करू का?

घाई करू नका. तिने तिच्या पॉलिसीत चार वर्षं काढली असतील तर तिचे वेटिंग पिरियड संपले आहेत. तुमच्या फ्लोटरमध्ये ती पुरवणीने मध्येच आली तर ती नवी सदस्य, आणि सगळे थांबे पहिल्यापासून. तिची पॉलिसी मुदतीपर्यंत चालू द्या आणि तिच्या नूतनीकरणाच्या दीड-दोन महिने आधी पोर्टेबिलिटीने, म्हणजे जुन्या पॉलिसीत काढलेला काळ सोबत घेऊन, आणता येईल का ते विचारा. पोर्ट करताना जुन्या विमा रकमेपुरतं थांब्याचं श्रेय मिळतं. मिळालं आहे हे पुन्हा शेड्युलवरच पाहायचं, प्रश्न ११ प्रमाणे.

नावाचाही घोळ असतो. विवाह प्रमाणपत्रावर माहेरचं नाव, पॅनवर माहेरचं, आधार नुकतंच सासरच्या नावाने झालेलं. हॉस्पिटलमध्ये जे ओळखपत्र दाखवणार, तेच नाव शेड्युलवर ठेवा. नंतर बाकीचे कागद बदलले तर दुरुस्तीची पुरवणी फुकट होते.

१५. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत वेगळं काय?

बरंच. तिथे बाळ बहुधा पहिल्या दिवसापासून झाकलेलं असतं आणि थांबेही सहसा माफ असतात. पण कळवायची मुदत आखूड असते, अनेक ठिकाणी जन्मापासून किंवा लग्नापासून ३० दिवस. ती चुकली की पुढच्या वर्षीच्या नोंदणीपर्यंत बाळ बाहेर. बाबा रजेवर, पोर्टलचा पासवर्ड विसरलेला, आणि ३२वा दिवस उजाडलेला, हे दर महिन्याला घडतं.

दुसरं म्हणजे तुमच्या नावाचं स्वतंत्र शेड्युल नसतं, सदस्यांची यादी असते. एचआर पोर्टलवर नाव भरलं म्हणजे विमा कंपनीपर्यंत पोहोचलं असं नाही. मालकाने विमा कंपनीकडे ठेवलेल्या ठेवीतून तुमच्या बाळाचा प्रीमियम कापला जातो, आणि त्या खात्यात शिल्लक नसेल तर पुरवणी लटकते. तुम्हाला ते कळतही नाही. तपासण्याचा मार्ग एकच: टीपीएच्या पोर्टलवर बाळाचं ई-कार्ड निघतं का ते पाहा.

आईबाबा दोघेही नोकरीत असतील तर बाळाला दोन्हीकडे घाला. त्यात नियमभंग काही नाही.

१६. पॉलिसी माझ्या वडिलांच्या नावावर आहे, मी आणि बायको त्यात सदस्य आहोत. आमचं बाळ घालता येईल का?

बहुतेक फ्लोटरमध्ये अडतं. कुटुंबाची व्याख्या प्रपोजरपासून मोजतात: तो, त्याचा जोडीदार, त्याची मुलं, कधी त्याचे आईवडील. नातवंड त्या व्याख्येत नसतं. काही योजनांत सून-नातवंडं चालतात, म्हणून अटींतली "कुटुंब" ही व्याख्या आधी वाचा. नसेल तर तुम्ही दोघं आणि बाळ मिळून वेगळी पॉलिसी करायची. तुमचा जुना काळ वाया जाऊ न देता हे करायचं असेल, तर ते नूतनीकरणाच्या वेळी, कंपनीकडून लेखी खात्री घेऊनच करा. कृपा करून नात्याच्या रकान्यात "मुलगा" लिहून वेळ मारून नेऊ नका. जन्मदाखल्यावर वडिलांचं नाव असतं.

१७. जुळी झाली. एकच पुरवणी?

पुरवणी एक चालते, ओळी दोन हव्यात. जन्मतारीख एक, आडनाव एक, वडिलांचं नाव एक, त्यामुळे संगणक दुसऱ्या बाळाला "दुबार नोंद" समजून कधीकधी गाळतो. दोघांचे सदस्य क्रमांक वेगळे आहेत ना, हे पाहा. फ्लोटरमध्ये मुलांची कमाल संख्या ठरलेली असते, आधीची मुलं धरून ती ओलांडत नाही ना, तेही बघा.

१८. आम्ही मूल दत्तक घेतलं आहे, ते दोन वर्षांचं आहे. ते "नवजात" नाही, मग?

अटींत दत्तक मुलाचा उल्लेख असेल तर कंपनी जन्मतारखेऐवजी दत्तक आदेशाची तारीख धरते. सप्टेंबर २०२२ पासून हे आदेश जिल्हाधिकारी देतात. आदेशाची प्रत आणि नवा जन्मदाखला, दोन्ही लागतात. अडचण अशी की मूल घरी आधी येतं, दत्तकपूर्व संगोपनाच्या टप्प्यात, आणि आदेश नंतर. त्या मधल्या काळासाठी कंपनीला लेखी विचारा. अटींत काहीच नसेल तर मुलासाठी नूतनीकरणाची वाट पाहावी लागेल.

१९. नूतनीकरण महिन्यावर आलं आहे आणि बाळ आत्ता ९० दिवसांचं होतंय. महिन्याभरासाठी पुरवणी कशाला?

एका महिन्याचे दोन-तीनशे रुपये वाचवून बाळाला तीस दिवस उघडं ठेवायचं, हा सौदा मी कोणाला सुचवत नाही. शिवाय थांब्यांचं घड्याळ महिनाभर आधी सुरू होतं.

या वेळी एक जुनाट घोटाळा मात्र होतो. नूतनीकरणाची नोटीस मुदतीच्या बरीच आधी तयार होते, आणि तुमची पुरवणी तिच्यानंतर नोंदली जाते. मग नोटिशीत दोनच माणसं, जुनाच प्रीमियम, आणि तुमचं ऑटो-डेबिट त्याच रकमेवर चालून जातं. बाळ पुरवणीने आत आलं आणि महिन्याने नूतनीकरणात गळलं! आमच्या उदाहरणात २५,०५० च्या जागी २१,४०० कापले गेले, तर "कमीच गेले" म्हणून खुश होऊ नका. नोटीस आली की आधी नावं मोजा. एक कमी असेल तर ऑटो-डेबिट थांबवा, सुधारित नोटीस मागवा आणि मुदतीच्या आत नव्या रकमेने भरा. पैसे कापले गेलेच असतील, तर त्याच दिवशी पुरवणी क्रमांकासह मेल टाका आणि बाळाचा समावेश मूळ तारखेपासून अखंड धरावा, असं त्यात शब्दशः लिहा.